नाव बदललं की पेशंट अनोळखी होतो का? – लोकलमधल्या पॅनिक अटॅकवरच्या एका पोस्टच्या निमित्ताने

सायली_मुलुंड
मी समुपदेशन करते. पॅनिक अटॅकबद्दल मराठीत सोपं, नेमकं लिहायचं आहे, कारण लोकलमध्ये छातीत धडधडलं की बरेच जण आधी ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, आणि मग 'काही नाही, टेन्शन आहे' एवढंच ऐकून घरी जातात. पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगत नाही.

अशा पोस्ट साधारण कशा लिहिल्या जातात त्याचा एक नमुना खाली देते. हा मी रचलेला आहे, यातली बाई खरी नाही. खरा मसुदा 'तपासून द्या' म्हणून इथे टाकणं म्हणजे तो प्रसिद्धच करणं झालं.

'मीनल (नाव बदललं आहे), वय ३४, दोन मुलांची आई, डोंबिवलीहून रोज ८.१४ च्या फास्टने बीकेसीतल्या एका बँकेत जाते. गणपतीनंतरच्या आठवड्यात ठाणे-मुलुंडच्या मध्ये गाडी थांबली आणि तिला वाटलं आता आपण मरणार. त्यानंतर ती फक्त स्लो गाडीने, दाराशी उभी राहून जाऊ लागली. आमच्याकडे सहा सेशनमध्ये ती पूर्ण बरी झाली. आज ती पुन्हा फास्टने जाते!'

यात काय काय चुकतंय, आणि लोकांना उपयोग होईल असं हे कसं लिहायचं, ते सांगा.

अरुण_शिवडी
मी जनरल प्रॅक्टिस करतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत ७.१७ क्रमांकाचं कलम आहे. पेशंटची ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापायची नाही, आणि ओळख उघड होणार नसेल तर संमती लागत नाही. तुम्ही नाव बदललंच आहे. त्यामुळे ओळखीचा प्रश्न सुटला. 'पूर्ण बरी' एवढं काढा आणि टाका पोस्ट.

सुषमा_कल्याण
अरुणजी, थांबा जरा. वीस वर्षं त्याच डब्यातून जाणाऱ्या बायका काय बघतात ते मी सांगते. ८.१४ फास्ट, डोंबिवली, बीकेसीतली बँक, दोन मुलं. एवढ्यावर मधल्या लेडीज डब्यातला ग्रुप नाव सांगेल. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि दसऱ्याची सजावट एकत्र करणाऱ्या बायका आहेत त्या, कोण कुठे उतरतं हे सगळ्यांना पाठ असतं.

आणि बाकी सगळं काढलंत तरी 'गणपतीनंतर फास्ट सोडून स्लोने जायला लागली' हे राहिलं, तर तेवढंही पुरेल. कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामागचं कारण तेवढं कुणाला माहीत नसतं, आणि नेमकं तेच तुमची पोस्ट सांगते.

मृण्मयी_दादर
सुषमाताईंनी जे पकडलंय ते या विषयातले बरेच डॉक्टरही पकडत नाहीत. आपण 'अनोळखी माणूस हे वाचून तिला शोधू शकेल का' असं विचारतो. अनोळखी माणसाला शोधायचंच नसतं. ओळखणारी माणसं म्हणजे नणंद, ऑफिसातला शेजारचा टेबल, सोसायटीतली मैत्रीण. त्यांच्याकडे अर्धी माहिती आधीच असते, पोस्ट उरलेली अर्धी पुरवते.

अरुणजी, ७.१७ तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्यातला अटीचा भाग निसटला. ओळख पटणार नसेल तर संमती नको, हे खरं. नाव बदललं म्हणजे ओळख पटणार नाही, असं ते कलम कुठेच म्हणत नाही. शिवाय ते नियम नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, समुपदेशकांवर ते थेट लागू नाहीत. मानसिक आजाराच्या बाबतीत २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा जास्त जवळचा. त्यातलं २३ वं कलम गोपनीयतेचं आहे. २४ वं कलम म्हणतं की मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा इतर माहिती संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही, आणि डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही गोपनीयतेचा हक्क लागू आहे.

आता मसुद्याकडे. मी प्रत्येक तपशिलापुढे एकच प्रश्न ठेवते: हा काढला तर वाचकाला शिकायचं आहे त्यातलं काही कमी होतं का?

वय ३४: काही कमी होत नाही. 'तिशीतली' पुरतं, बऱ्याचदा तेही नको. दोन मुलं: संबंध नाही. डोंबिवली, ८.१४, बीकेसी, बँक: चारही रंगापुरते आहेत. गणपतीनंतरचा आठवडा: हा सगळ्यात धोक्याचा, कारण तारखेने घटना जोडली जाते. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली: हे ठेवायला हवं, कारण 'आता बाहेर पडता येणार नाही' ही भावनाच झटक्याला इंधन देते. फक्त ठाणे-मुलुंड काढायचं. स्लो गाडी आणि दाराशी उभं राहणं: हेही शिकवण्याच्या दृष्टीने मौल्यवान आहे, कारण टाळाटाळ कशी दिसते ते त्यातून कळतं. पण सुषमाताई म्हणतात त्याप्रमाणे तेच लोकांना दिसलेलं असतं. म्हणून ते एका बाईचं वर्तन म्हणून न लिहिता 'लोक काय काय करू लागतात' असं लिहायचं: कुणी स्लो पकडतं, कुणी दाराशी उभं राहतं, कुणी पाण्याची बाटली हातातून सोडत नाही, कुणी दर स्टेशनला उतरून पुढची गाडी धरतं. वाचकाला यातलं एखादं स्वतःचं सापडतं आणि कुणा एकीकडे बोट जात नाही.

कल्पना_वसई
माझ्या नणंदेला अगदी हेच होतं. वय ४१, ती मीरा रोडच्या शाळेत शिकवते, गर्दीत हातपाय गार पडतात. ईसीजी दोनदा नॉर्मल आला. झोपेची गोळी दिली तर चालेल का? कुणी चांगला डॉक्टर असेल तर सांगा.

सायली_मुलुंड
कल्पनाताई, काळजी कळते. गोळीबद्दल इथे कुणीही सांगू नये, मीसुद्धा नाही, कारण न बघता सांगितलेली गोळी कुणालाही लागू पडेलच असं नाही, आणि झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. ज्यांनी ईसीजी काढला त्या डॉक्टरांना थायरॉइड आणि रक्त तपासायचं का ते विचारा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. तोपर्यंत कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस, १४४१६, चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

आणि एक विनंती: वय, शाळेचं गाव आणि नातं एवढं काढून टाकाल का? संपादन करता येतं.

कल्पना_वसई
अरे हो. काढते. मला वाटलं नाव लिहिलं नाही म्हणजे झालं.

मृण्मयी_दादर
कल्पनाताईंसारख्या प्रतिक्रिया प्रत्येक आरोग्य-पोस्टखाली येतात आणि खरी गोपनीयता तिथेच फुटते, कारण पोस्ट लिहिताना घेतलेली काळजी उत्तर देताना सुटते. समजा, तुमच्या पोस्टखाली कुणी लिहिलं, 'मॅडम, तुमच्यामुळे मी बरी झाले.' तुम्ही 'धन्यवाद, काळजी घे गं' म्हणालात, की ती तुमच्याकडे उपचार घेत होती याला तुम्ही दुजोरा दिला. तिने स्वतः सांगितलं हा तिचा हक्क, पण तुमचं तोंड बंदच हवं. सर्वांना एकच ठरलेलं उत्तर द्यायचं: 'वैयक्तिक बाबींवर इथे बोलत नाही, वेळ घेऊन भेटा.' ओळखीच्यालाही तेच, अनोळखीलाही तेच. एकालाच वेगळं उत्तर गेलं तर तेवढ्यावरून अंदाज बांधला जातो.

गुगलवरच्या तक्रारवजा रिव्ह्यूंना उत्तर देताना तर हे फार होतं. 'तुम्ही मागच्या महिन्यात तीन सेशन बुडवलीत' असं रागात लिहिलं जातं. तो सरळ गोपनीयतेचा भंग आहे, रिव्ह्यू कितीही खोटा असो.

दिगंबर_गिरगाव
मला मूळ गोष्टच पटत नाही. केस सांगायचीच कशाला? सायली, तुझे आजचे पेशंट ही पोस्ट वाचणार. 'उद्या माझं बोलणंही असंच लिहिलं जाईल' हा विचार एकदा मनात आला की ते सेशनमध्ये तोलून मापून बोलणार. ओळख किती झाकली यापेक्षा हा तोटा मोठा आहे. झटका कसा येतो आणि कसा ओसरतो ते सांग. माणूस लागतच नाही.

सायली_मुलुंड
दिगंबरकाका, हा मुद्दा मला बोचतो आहे. पण निव्वळ माहिती लोक वाचत नाहीत हाही अनुभव सगळ्यांचा आहे. 'लोकलमध्ये गाडी थांबली आणि' अशी सुरुवात केली की लोक शेवटपर्यंत वाचतात.

मृण्मयी_दादर
मधला रस्ता आहे. अनेकांच्या अनुभवांतून एक पात्र रचायचं आणि पोस्टच्या पहिल्याच ओळीत सांगायचं की हा प्रसंग रचलेला आहे, कुणा एका व्यक्तीचा नाही. तळाला बारीक अक्षरात नको, स्क्रीनशॉट काढताना तळ कापला जातो.

रचतानाही एक नियम पाळावा लागतो. एकाच पेशंटचे तपशील थोडे हलवून 'रचलेलं पात्र' म्हणणं ही पळवाट झाली. बाईचा बुवा केला आणि बँकेची विमा कंपनी केली, तरी मूळ माणूस स्वतःला ओळखतोच, आणि आपल्याला वेष बदलून बाजारात उभं केलंय असं त्याला वाटतं. खरी कसोटी तीच: तुमच्या कुठल्याही पेशंटने हे वाचून 'ही मीच' म्हटलं नाही पाहिजे. 'माझंही असंच होतं' एवढंच म्हटलं पाहिजे.

अरुण_शिवडी
मान्य, नाव बदलण्याबद्दल मी घाईने बोललो. पण मग लेखी संमती घ्या ना. सही असली की प्रश्न मिटला.

मृण्मयी_दादर
सही असली तरी प्रश्न राहतात, विशेषतः समुपदेशनात. तुमच्यासमोर जी व्यक्ती आठवड्यातून एकदा रडते ती तुम्हाला 'नाही' म्हणू शकत नाही. संमती घ्यायचीच तर उपचार संपल्यानंतर, तिला कळणाऱ्या भाषेत, आणि कोऱ्या परवानगीवर नाही तर पोस्टचा शेवटचा मजकूर दाखवून. कुठे टाकणार हे लिहायचं: फेसबुक, इन्स्टाग्राम, व्याख्यान, वर्तमानपत्र, प्रत्येकाला वेगळी खूण. मजकूर घरी नेऊन निवांत वाचायला काही दिवस द्यायचे. नकार दिला तर उपचारात फरक पडणार नाही हेही लिहायचं. आणि परवानगी मागे घेता येते, पण दुसऱ्यांच्या फोनमध्ये गेलेला स्क्रीनशॉट मागे घेता येत नाही, हे तोंडी, स्पष्ट सांगायचं. एवढं केल्यावर बरेच जण नको म्हणतात. तेच त्यांचं खरं उत्तर असतं.

फिल्म_आणि_फोटो
मी त्वचारोगाच्या ओपीडीत फोटो काढायचं काम बघतो. इथे सगळं शब्दांवर चाललंय म्हणून चित्रांबद्दल थोडं.

डोळ्यांवरची काळी पट्टी ओळख लपवत नाही. हनुवटी, कान, केसांची ठेवण यावरून घरचा माणूस ओळखतो. चेहरा लागतच नसेल तर फोटो काढतानाच जवळून काढा. हातावर पुरळ दाखवताना गोंदण, मंगळसूत्र, ऑफिसचं ओळखपत्र किंवा खिडकीतून दिसणारी इमारत येते. पार्श्वभूमीला निळं कापड धरलं की यातलं बरंचसं टळतं.

कापाकापीत दोन फसगती नेहमी होतात. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. ती फाइल कुणाला दिली तर दोन क्लिकमध्ये पूर्ण फोटो परत येतो. कापलेला भाग काढून टाकण्याचा पर्याय त्यातच आहे, तो वापरा. दुसरं म्हणजे फोनवरचा हायलाइटर पेन. काळा फिरवला तरी तो अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं नाव दिसतं. नावावर ठोस काळा चौकोन ठेवा, मग त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा.

फोटोच्या फाइलमध्ये काढल्याचं ठिकाण आणि वेळ असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. एक्स-रे आणि सोनोग्राफीवर नाव आणि नोंदणी क्रमांक चित्रातच छापलेला असतो, बहुधा कोपऱ्यात, आणि ईसीजीच्या कागदावर वर. तिथला बारकोडही झाका. तो माणसाला वाचता येत नाही, स्कॅनरला येतो.

सायलीताई रील करणार असतील तर आवाजही लक्षात घ्या. चेहरा धूसर केला तरी मूळ आवाज ठेवला तर बहीण पहिल्या वाक्याला ओळखते.

सायली_मुलुंड
आवाजाचं लक्षात आलं नव्हतं. पेशंटचा आवाज कधीच घेणार नाही, माझाच राहील.

आता 'सहा सेशनमध्ये पूर्ण बरी' याकडे येऊ. मला स्वतःला हे खटकतं, पण नेमकं काय लिहावं?

अ‍ॅड_परळ
कायद्याच्या बाजूने. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आहेत, मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, फिट्स, वेड, 'मज्जासंस्थेचा अशक्तपणा' असे. त्यांवर औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करता येत नाही. समुपदेशन हे 'औषध' किंवा 'जादुई उपाय' यात बसतं का, यावर मी ठामपणे काही सांगणार नाही, दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण डॉक्टरांना २००२ च्या नियमांतल्या जाहिरातीच्या कलमांचंही बंधन आहे. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सोशल मीडियासकट नवे नियम काढले होते, ते त्याच ऑगस्टमध्ये २३ तारखेला स्थगित केले आणि जुने २००२ चे पुन्हा लागू झाले. २०२३ ची पीडीएफ अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती लागू समजून वाद घालू नका.

मृण्मयी_दादर
कायदा बाजूला ठेवला तरी 'सहा सेशन, पूर्ण बरी' या वाक्यात तीन गोष्टी चुकतात. एक, ज्या बऱ्या झाल्या त्यांच्याच पोस्ट होतात. ज्यांनी दुसऱ्या सेशननंतर येणं सोडलं त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून वाचकाला खरं प्रमाण कधी कळत नाही. दोन, पॅनिक काही जणांना काही काळाने पुन्हा येतं. ज्याने 'पूर्ण बरी' वाचलं त्याला झटका परत आला की 'माझ्यावर उपचार लागू पडला नाही' असं वाटतं आणि तो परत येतच नाही. तीन, आकडा. दहाव्या सेशनला असलेली व्यक्ती सहा वाचून स्वतःला नापास ठरवते.

'काहींना फायदा होऊ शकतो' असं गुळमुळीत लिहिणंही बरं नाही, त्यातून काहीच कळत नाही. काय घडतं, कुणाला आणखी काय लागतं आणि कुठे थांबून डॉक्टर गाठायचा, हे तिन्ही सरळ लिहा.

दिगंबर_गिरगाव
'आज ती पुन्हा फास्टने जाते!' हेही गेलं पाहिजे. तो दावाच आहे, उद्गारचिन्हासकट.

सायली_मुलुंड
सगळं वाचून पुन्हा लिहिलं. तासून-घासून द्यायची विनंती आहे.

'हा प्रसंग अनेकांच्या अनुभवांतून रचला आहे, कुणा एका व्यक्तीचा नाही.

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, आणि आता जीव जाणार असं वाटतं. ही लाट बहुधा दहाएक मिनिटांत शिखर गाठते आणि मग उतरते. गाडी सुटली म्हणून ती उतरली असं मेंदू शिकतो, पण ती तशीही उतरणारच होती. पुढच्या दिवसापासून माणूस सावध होतो. कुणी स्लो गाडी पकडतं, कुणी दाराशीच उभं राहतं, कुणी बाटली सोडत नाही. प्रत्येक युक्तीने त्या दिवशी बरं वाटतं, म्हणून भीती टिकून राहते.

असा झटका पहिल्यांदा आला, तर आधी डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या. छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल किंवा चक्कर येऊन पडलात, तर पॅनिक समजून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

तपासण्या ठीक आल्या तर वर्तनाधारित उपचार उपयोगी पडतात. त्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली धडधड मुद्दाम अनुभवायला शिकवतात: जागच्या जागी एक मिनिट धावणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणं. मग पायरीपायरीने गाडी: आधी एक स्टेशन, गर्दी नसताना. अनेकांचे झटके यातून कमी होतात. काहींना औषधंही लागतात. काहींना ते पुन्हा येतात, तेव्हा पुन्हा भेटणं हा उपचाराचाच भाग आहे. किती सेशन लागतील ते व्यक्ती पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.'

सुषमा_कल्याण
आता आमच्या डब्यात कुणाकडे बोट जात नाही. उलट निम्म्या डब्याला आपलं वाटेल.

अरुण_शिवडी
एक सुचवतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, आणि गरोदर बायकांनी, स्ट्रॉ आणि धावणं आपल्या मनाने करू नये असं स्वतंत्र वाक्य घाला. 'देखरेखीखाली' लिहिलंय, पण लोक वाचून लगेच घरी करून बघतात.

सायली_मुलुंड
घालते, डॉक्टरसाहेब. हे फार महत्त्वाचं आहे.

दिगंबर_गिरगाव
माझं म्हणणं अजूनही हेच की पहिली ओळसुद्धा 'माणूस' न आणता लिहिता आली असती. पण ही पोस्ट मी शेअर करीन.

फिल्म_आणि_फोटो
एक राहिलं. जुन्या पोस्टचं काय? जुन्या शैलीतल्या ज्या पोस्ट आधीच फिरत आहेत त्या नुसत्या संपादित करून उपयोग नाही. फेसबुकवर संपादनाचा इतिहास वाचकांना उघडून बघता येतो, जुना मजकूर तिथे तसाच असतो. पोस्ट पूर्ण काढून टाकायची आणि नवा मजकूर नव्याने टाकायचा. ग्रुपमध्ये पुढे गेली असेल तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तिथली प्रत काढायला सांगायचं, कारण न सांगता.

मृण्मयी_दादर
कारण न सांगता, हे अगदी बरोबर. 'पेशंटची ओळख पटतेय म्हणून काढा' असं लिहिलंत की ज्यांनी ओळखलं नव्हतं तेही शोधायला लागतात.